माई की भाई, वाई की बाई? जुन्या घरगुती पत्रातली संशयास्पद नावे कशी सोडवावीत

जुने मराठी घरगुती पत्र वाचताना बहुतेक मजकूर थोड्या सवयीने लागतो. ‘पत्र पावले’, ‘कळावे’, ‘लोभ असावा’ हे शब्द अर्धे पुसले असले तरी डोळा ते पुरे करतो, कारण पुढे काय येणार ते आपल्याला ठाऊक असते. नावाचे तसे नाही. नावापुढे काय येईल हे भाषा सांगत नाही, आणि देवनागरीत घाईने लिहिलेले ‘म’ आणि ‘भ’, ‘ब’ आणि ‘व’, ‘थ’ आणि ‘य’, ‘घ’ आणि ‘ध’ एकमेकांत सहज मिसळतात. जुन्या हातचा ‘ख’ तर ‘रव’ असाच दिसतो. ‘माई’ आणि ‘भाई’ यांत फरक असतो तो एका छोट्या गाठीचा, आणि नेमकी तीच शाईत बुडालेली असते.

भिंगाखाली तासभर अक्षर न्याहाळून हे सुटत नाही. ते सुटते त्याच वाक्यातल्या क्रियापदावरून, नावाला लागलेल्या प्रत्ययावरून, लिहिणाऱ्याच्या तोंडच्या नात्यांवरून, आणि पत्रात आलेल्या गावांवरून व प्रसंगांवरून. सगळी रीत एका पत्रावर करून दाखवतो. हे पत्र मी समजावण्यासाठी रचले आहे, ते कोणा खऱ्या घरातले नाही. पण त्यातल्या अडचणी मला खऱ्या पत्रांत पुन्हा पुन्हा भेटलेल्या आहेत.

आधी नक्कल, तर्क नंतर

कोऱ्या कागदावर पत्राची ओळीला ओळ नक्कल करा. जे अक्षर नक्की लागत नाही तिथे चौकटी कंस घालून त्यात शक्य असलेली सगळी अक्षरे लिहा. मनाला पटलेले एकच अक्षर लिहू नका. एकदा ‘भाई’ असे स्वच्छ लिहून ठेवले की दुसऱ्या दिवशी ते तुम्हाला मूळ कागदावरही ‘भाई’च दिसू लागते, आणि मग बाकीचे पुरावे आपण नकळत त्याच्या बाजूने वळवतो.

आपले पत्र असे उतरले:

॥ श्री ॥
मु. मिरज, शके १८५१ माघ शु. ९
ती. रू. तात्यांस यमूचा शि. सा. न. वि. वि. पत्र पावले. [मा/भा/बा]ई परवा [वा/बा]ईहून आल्या. कृष्णाबाईचे आटोपल्यावर निघाल्या, पण [वा/पा]ठारला गाडी चुकून एक रात्र तिथेच काढावी लागली. बरोबर वन्सं होत्या. आबाला चार दिवस ताप होता, आता खेळतो. आबांनी त्याच्या उशाशी बसून रात्री काढल्या. इकडून पुण्यास जाणे झाले आहे, आठ दिवसांनी परत. आईला म्हणावे काळजी करू नये. भाऊची परीक्षा कधी आहे ते कळवावे.

कंस तीनच दिसतात. पण संशयाच्या जागा त्याहून जास्त आहेत, कारण ‘आबा’, ‘कृष्णाबाई’ आणि ‘भाऊ’ ही अक्षरे स्वच्छ लागली तरी ती माणसे कोण, किंवा ती माणसे आहेत तरी का, हे अजून कळलेले नाही. अक्षर लागणे आणि माणूस ओळखू येणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नवखा वाचक बहुतेक वेळा इथेच फसतो. पहिल्याचे उत्तर मिळाले की त्याला दुसऱ्याचेही मिळाले असे वाटते. म्हणून वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने ठेवा, एक ‘वाचन’ आणि दुसरा ‘व्यक्ती’.

कोण लिहिते, कोणाला लिहिते

नात्याचा प्रत्येक शब्द लिहिणाऱ्याच्या जागेवरून मोजायचा असतो. तुमच्या जागेवरून किंवा घरच्या वंशावळीच्या मधल्या रकान्यावरून नव्हे. म्हणून सुरुवातीचा मायना आणि नमस्कार आधी नीट लावून घ्या.

‘ती. रू.’ म्हणजे तीर्थरूप. हा मायना आईवडिलांना लिहितात. इतर वडीलधाऱ्यांना ‘ती. स्व.’, म्हणजे तीर्थस्वरूप. प्रत्येक घराने हा भेद काटेकोर पाळला असे नाही, आणि नुसते ‘ती.’ असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. पण ‘रू.’ स्पष्ट असेल तर तात्या हे यमूचे वडील असण्याकडे कल जातो. पुढे ‘आईला म्हणावे’ असे आहे. आई तात्यांच्याच घरी आहे, म्हणजे तो कल पक्का होतो. ‘शि. सा. न.’ हा शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्याने थोराला केलेला. मायन्याशी तोही जुळतो.

आता ‘वन्सं’. हा शब्द बाई नणंदेला वापरते. म्हणजे यमू लग्न झालेली आहे आणि पत्र सासरहून माहेरी चालले आहे. या एका शब्दाने पत्राची सगळी दिशा ठरते. त्यामुळेच यमू हे नाव सासरच्या वंशावळीत सापडले नाही तरी गोंधळू नये. लग्नात नाव बदलण्याची रीत असलेल्या घरांत मुलगी वडिलांना लिहिताना माहेरचे नाव घालते आणि सासरी दुसऱ्याच नावाने नोंदली जाते. पुष्कळ लोक अशा वेळी एका बाईच्या दोन बायका करून बसतात.

‘इकडून पुण्यास जाणे झाले आहे’ हे वाक्य इथेच उलगडून घेऊ, कारण त्यात नाव नाही आणि तरीही एक माणूस आहे. जुन्या पद्धतीत बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. ‘इकडून’ म्हणजे नवरा. ‘गेले’ असे न म्हणता ‘जाणे झाले’ असे कर्ता झाकणारे क्रियापद येते. ही खूण पाहिली नाही तर ‘इथून कोणीतरी पुण्याला गेले’ असे वाचून आपण नवऱ्याला पत्रातून गाळून टाकतो, आणि मग तोच कुठे दिसेना म्हणून भलत्याच नावावर त्याला बसवतो.

क्रियापदाला विचारा

पहिला कंस घ्या. मा, भा किंवा बा. तिन्ही अक्षरे घालून वाक्य मोठ्याने वाचा. ‘भाई परवा आल्या’ हे कानालाच खटकते. भाई हा पुरुष असेल तर ‘आला’ किंवा आदराने ‘आले’ हवे. ‘आल्या’ हे आदरार्थी स्त्रीचे रूप आहे, आणि पुढच्या वाक्यात ‘निघाल्या’ म्हणून तेच पुन्हा येते. दोन जागी एकच रूप असल्याने लिहिताना चूक झाली असेल ही शंकाही उरत नाही. भाई बाद.

उरले माई आणि बाई. दोन्ही स्त्रिया, दोघींनाही आदर, म्हणजे व्याकरण इथे थांबते. आता त्याच हाताची खात्रीची अक्षरे शोधा. ‘माघ’मधला म आणि ‘आबाला’मधला ब स्वच्छ आहेत. या बाईचा म डाव्या दांडीला गाठ मारून पुढे सरकतो, ब मात्र गोल बंद होतो. कंसातल्या अक्षराचा डावीकडचा तुकडा उघडा दिसतो. म्हणून माई. अक्षराचा आकार मी मुद्दाम इतक्या उशिरा आणला. आकार दोन पर्यायांत निवड करू शकतो, पण पाच-सहा पर्याय असतील तर तो आपल्याला फसवतो.

व्यक्ती कोण? इथे ‘आल्या’ पुन्हा उपयोगी पडते. आपल्या आईबद्दल मुलगी सहसा ‘आई आली’ असे एकेरी लिहिते. सासू, मोठी जाऊ, आजेसासू यांना मात्र ‘आल्या’. काही घरांत आईलाही अहोजाहो असते, म्हणून हा नियम धरू नये, तो त्या पत्राच्या लेखिकेवर तपासावा. आपल्या पत्रात ‘आईला म्हणावे’ असे साधे रूप आहे आणि ती माहेरी आहे. तेव्हा माई म्हणजे आई नव्हे. माई ही सासरकडची वडीलधारी बाई, आणि तिच्याबरोबर नणंद प्रवास करते आहे. ती सासू असण्याची शक्यता बरीच, पण चुलतसासूही असू शकेल. वहीत ‘वाचन’खाली माई, खात्रीचे. ‘व्यक्ती’खाली सासरची वडीलधारी स्त्री, खात्रीची, सासू, संभवनीय. एवढेच लिहावे.

हीच पद्धत दोन आबांना लावा. ‘आबाला ताप होता, आता खेळतो’ यात प्रत्यय साधा, क्रियापद एकेरी, आणि क्रिया खेळण्याची. ‘आबांनी रात्री काढल्या’ यात अनुस्वारासह आदराचे रूप. एक लहान मुलगा आणि एक थोर पुरुष, दोघांचे हाकेचे नाव एकच. तात्या, अण्णा, आबा, नाना, बापू, भाऊ, ताई, अक्का हे शब्द नात्याचेही आहेत आणि नावाचेही. घरात एका थोराला ‘अण्णा’ म्हणू लागले की त्याचा नातूही त्यांना अण्णा म्हणतो आणि सूनही. त्यामुळे ‘भाऊ’ असे लिहिलेला माणूस लिहिणाऱ्याचा भाऊ असेलच असे नाही, तो बापही असू शकतो. अनुस्वारावर मात्र एकट्याने भार टाकू नका. घाईच्या हातात टिंब राहून जाते, कागदाचा डाग टिंब बनतो. क्रियापद सोबतीला असेल तरच तो पुरावा धरावा. मोडीतल्या पत्रांत तर हे अधिकच जपावे लागते, कारण तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद दाखवत नाहीत आणि शब्दही सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे नाव कुठे संपले आणि प्रत्यय कुठे लागला हेच आधी ठरवावे लागते.

प्रत्ययाला आणि गावाला विचारा

दुसरा कंस वाई की बाई. इथे मराठीने उत्तर प्रत्ययातच ठेवले आहे. माणसाच्या घरून आलो तर आपण ‘बाईकडून’ आलो म्हणतो. ‘हून’ लागतो तो गावाला: पुण्याहून, मिरजेहून, वाईहून. म्हणून हे गाव. एक अपवाद तेवढा ध्यानात ठेवा. तुलनेतही ‘हून’ येतो, ‘बाईहून थोरली’ असे. पण इथे क्रियापद येण्याचे आहे, तुलना नाही.

‘स’ हा प्रत्यय असता तर मात्र हे सुटले नसते. ‘पुण्यास गेले’ आणि ‘तात्यांस सांगितले’, दोन्हीकडे ‘स’च आहे. अशा वेळी नावाचे रूप बदलले का ते पाहावे. मिरजचे मिरजेस होते, नाशिकचे नाशकास. हा बदल दिसला तर गाव ओळखायला मदत होते.

तिसऱ्या कंसात वाठार की पाठार. पाठार म्हटले की पाठारे हे आडनाव मनात येते आणि आपण एका माणसाला जन्म देऊन बसतो. पण ‘गाडी चुकली’ या बोलण्याची ठेवण पाहा. माणसाची गाडी चुकते, ‘माझी गाडी चुकली’. गावाला गाडी चुकते, ‘वाठारला गाडी चुकली’. ‘ला’ असल्याने तिथे जागाच हवी, आणि ‘तिथेच’ रात्र काढली म्हणून ती पुन्हा जागाच ठरते.

आता गावे एकमेकांना जोडून पाहा. एकटे गाव संशयास्पद असू शकते, तीन गावांची वाट सहसा खोटे बोलत नाही. वाईला रेल्वे नाही. पुणे-मिरज लोहमार्गावरचे वाठार हे वाईकरांचे जवळचे स्थानक, आणि पत्र मिरजेहून लिहिलेले आहे. वाईहून वाठारपर्यंत रस्त्याने, तिथून मिरजेला गाडीने. तिन्ही नावे एका वाटेवर बसली. वाठार नावाची गावे कराडजवळ आणि कोल्हापूर जिल्ह्यातही आहेत. नकाशावर पहिले सापडलेले वाठार उचलले असते तर प्रवास भलतीकडे गेला असता. इथे ‘गाडी’ या शब्दाने नेमके वाठार सांगितले. मात्र ‘गाडी’ बैलगाडी किंवा मोटारही असू शकते, म्हणून एकट्या त्या शब्दावर न जाता मिरज आणि वाई या दोन टोकांसह निर्णय घ्यावा. पाकीट किंवा कार्ड हाताशी असेल तर टपालाचा शिक्काही पाहा. त्यातले गाव आणि तारीख यांचा हस्ताक्षराशी संबंध नसतो, म्हणून तो वेगळा साक्षीदार ठरतो.

विषय आणि तारीख

‘कृष्णाबाईचे आटोपल्यावर निघाल्या.’ ही अक्षरे स्पष्ट आहेत. कोणीही म्हणेल की कृष्णाबाई नावाच्या नातलग बाईचे काही होते, बाळंतपण, आजारपण, कदाचित उत्तरकार्य. वंशावळीत एखादी कृष्णाबाई असलीच तर ती लगेच इथे बसवली जाते, आणि तिच्या आयुष्यात नसलेला एक प्रसंग तिच्या नावावर चढतो.

आता गाव आणि महिना जोडून पाहा. वाई कृष्णेच्या काठी आहे. तिथे नदीला देवी मानून कृष्णाबाईचा उत्सव घाटांवर पाळीपाळीने होतो आणि तो माघाच्या सुमारास सुरू होतो. पत्र माघ शुद्ध नवमीचे. शकाचा इसवी सन काढायचा तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. माघ नव्या इसवी सालात पडतो, म्हणून १८५१ मध्ये ७९ मिळवून १९३०, महिना फेब्रुवारी. ७८ मिळवले असते तर सगळे पत्र एका वर्षाने मागे गेले असते, आणि एखाद्या जन्ममृत्यूच्या नोंदीशी ते उगाच भांडत बसले असते. जागा वाई, वेळ माघ, क्रिया ‘आटोपणे’: कृष्णाबाई ही इथे बाई नाही, उत्सव आहे. ‘कृष्णाबाईंचे’ असे आदराचे रूप नसणेही याला धरून आहे, पण ते टिंबावर अवलंबून असल्याने मी त्याला शेवटचे स्थान देतो.

याच कारणाने माझा क्रम नेहमी असा असतो: नाते, मग क्रियापद व प्रत्यय, मग गाव, आणि विषय शेवटी. विषय फार बोलका असतो. त्याला आधी बोलू दिले तर तो बाकीच्यांना गप्प करतो.

उत्तर कच्चे आहे हे कसे ओळखावे

सर्वांत मोठा धोका साखळीचा आहे. माई सासू धरली, म्हणून थोर आबा सासरे धरले, म्हणून त्या घराचा प्रमुख १९३० मध्ये जिवंत होता असे धरले. तिन्ही विधाने एकाच ‘संभवनीय’वर उभी आहेत. प्रत्येक निर्णयापुढे तो कशावर टेकला आहे हे लिहा. तो दुसऱ्या संशयित नावावरच टेकलेला असेल, तर त्याचा दर्जा त्या नावापेक्षा वर जाता कामा नये.

दुसरी खूण अशी की नाकारलेला पर्याय घालूनही वाक्य तितकेच चांगले चालते. ‘भाई… आल्या’ चालत नाही, म्हणून भाई पक्का बाद. ‘सासू’च्या जागी ‘चुलतसासू’ घालून सबंध पत्र वाचा, कुठेच अडत नाही. म्हणजे तो प्रश्न या पत्राने सुटलेला नाही.

तिसरी खूण ओळखीची. जे नाव वाचून तुम्हाला आनंद झाला, कारण ते तुमच्या पणजीचे होते, ते सर्वांत कठोरपणे तपासा. शक्यतो पत्राची नक्कल घराबाहेरच्या कोणाला वाचायला द्या, तुमचे उत्तर न सांगता.

राहिला भाऊ. ‘भाऊची परीक्षा कधी आहे’ यावरून तो तात्यांच्या घरी आहे, शिकतो आहे, आणि ‘भाऊंची’ असे नसल्याने बहुधा यमूला बरोबरीचा किंवा धाकटा आहे. पण तो तिचा सख्खा भाऊ, की भाऊ नावाने हाक मारला जाणारा चुलत भाऊ किंवा पुतण्या, हे या पत्रात कुठेही नाही. वहीत त्याच्यापुढे लिहायचे: भाऊ, वाचन खात्रीचे, व्यक्ती, तात्यांच्या घरातला विद्यार्थी, नाते अनिश्चित, तात्यांचे उत्तर किंवा यमूचे दुसरे पत्र मिळाल्यास ‘चि. भाऊ’ असा मायना आहे का आणि त्याच्याबद्दल ‘माझा’ की ‘आपला’ असे लिहिले आहे का ते पाहणे.